खालच्या पदासाठी रिक्रूटरचा मेसेज आला? नकार देताना या चुका टाळा

रविवारी जेवणं उरकली आणि माझ्या धाकट्या दिराने फोन माझ्यापुढे धरला. "वहिनी, बघ ना, या लोकांना वाचता येतं की नाही?"

मेसेज साधा होता. हिंजवडी फेज 3, सीनियर जावा डेव्हलपर, 6 ते 9 वर्षं अनुभव, आठवड्यातून 3 दिवस ऑफिस, आवड असल्यास सीव्ही पाठवा. दिराला 15 वर्षं झाली आहेत आणि सध्या तो आर्किटेक्ट आहे. त्याने उत्तरही टाइप करून ठेवलं होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं: "माझं प्रोफाइल उघडून पाहिलंत का? मी 15 वर्षांचा अनुभवी आहे."

मी नऊ वर्षं रिक्रूटरचंच काम केलंय. आधी कर्वे रोडवरच्या एका छोट्या कन्सल्टन्सीत आणि नंतर एका कंपनीच्या भरती विभागात. त्यामुळे असं उत्तर पलीकडे कसं वाचलं जातं आणि त्याचं पुढे काय होतं, हे मला ठाऊक आहे. रिक्रूटरपुढे एक एक्सेल शीट उघडी असते. त्यात नाव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड असे रकाने असतात आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. तुम्ही पाठवलेल्या पाच ओळी त्या रकान्यात चार शब्दांच्या होतात. पुढच्या वेळी त्याच कन्सल्टन्सीकडे तुमच्या पातळीची जागा आली की कोणीतरी दुसरी मुलगी ते चार शब्द वाचते आणि तुम्हाला फोन करायचा की नाही ते ठरवते. दिराचं उत्तर गेलं असतं तर शेरा पडला असता "रूड" किंवा नुसतं "एनआय", म्हणजे नॉट इंटरेस्टेड.

आधी खात्री करून घ्या

पदनाव पाहून जागा खालची ठरवणं ही पहिली चूक, आणि पुण्यात ती फार होते. सर्व्हिस कंपन्यांमध्ये पदनावं सढळ हाताने वाटली जातात. प्रॉडक्ट कंपनीतला सीनियर इंजिनियर कधी कधी सर्व्हिस कंपनीतल्या लीडच्या तोडीचं काम करतो आणि पगारही तसाच घेतो. खराडीतल्या बँकांच्या टेक सेंटर्समध्ये उलटा प्रकार असतो. तिथे व्हाइस प्रेसिडेंट म्हणजे मधल्या फळीतला माणूस, पण बाहेरच्याला वाटतं केवढा मोठा साहेब.

म्हणून शंका असेल तर एकच प्रश्न विचारा: "ही व्यक्ती कोणाला रिपोर्ट करेल, आणि त्यांचा अनुभव साधारण किती?" दिराच्या बाबतीत मेसेजमध्येच हायरिंग मॅनेजरचं नाव होतं. त्यांचं प्रोफाइल पाहिलं तर 10 वर्षांचा अनुभव. म्हणजे शंकेला जागाच नव्हती. असं स्पष्ट असेल तेव्हा प्रश्न विचारत बसू नका. नकार द्यायचा ठरलेला असताना "जेडी पाठवा, बघतो" म्हणणं म्हणजे त्या मुलीला दोन दिवस ताटकळत ठेवणं.

खोटं कारण

सभ्य माणसं हमखास हीच चूक करतात. "तुमची जागा माझ्यासाठी लहान आहे" असं तोंडावर कसं म्हणायचं, म्हणून ती लिहितात, "धन्यवाद, सध्या नोकरी बदलण्याचा विचार नाही." ऐकायला बरं वाटतं, पण शेऱ्यात जातं "सध्या बदलायचं नाही". मी स्वतः अशा एका गृहस्थांना दोन महिन्यांनी आलेल्या डिलिव्हरी मॅनेजरच्या जागेसाठी फोन केला नाही, कारण शीटमध्ये तसं लिहिलेलं होतं. नंतर ते एका लग्नात भेटले, तेव्हा कळलं की त्या काळात ते चांगल्या जागेच्या शोधातच होते!

दुसरं खोटं कारण पैशाचं. जागेचं बजेट 24 लाखांचं असेल असा अंदाज बांधून लोक "मला 55 लागतील" असं ठोकून देतात, म्हणजे समोरचा आपोआप गळेल. तो गळतो खरा, पण 55 हा आकडा अपेक्षित सीटीसीच्या रकान्यात बसतो. पुढे 45 लाखांची, अगदी तुमच्या पातळीची जागा आली की फिल्टर लावताना तुमचं नाव खाली राहतं. काही वेळा याच्या उलट घडतं. रिक्रूटर "सर, 30 पर्यंत ताणता येईल" म्हणत घासाघीस सुरू करते, कारण अडचण पैशाची आहे असं तुम्हीच तिला सांगितलेलं असतं.

"संधी फारच छान आहे, पण..." हेही टाळा. भरपूर मेसेज वाचणारा माणूस "छान" पर्यंत वाचतो आणि संध्याकाळी फोन करतो.

शब्द कुठे बोचतात

मराठीत अपमान करायला मोठे शब्द लागत नाहीत, एक अव्यय पुरतं. "ही तर फक्त सीनियर डेव्हलपरची जागा आहे" या वाक्यातले "तर" आणि "फक्त" काढा, वाक्य सरळ होतं: "ही सीनियर डेव्हलपरची जागा आहे." "मला आर्किटेक्टचीच जागा हवी" मधला "च" काढला की हट्ट जाऊन माहिती उरते. "मी या जागेसाठी ओव्हरक्वालिफाइड आहे" हे स्वतःच स्वतःला दिलेलं प्रमाणपत्र वाटतं. शिवाय ज्या कामाला तुम्ही कमी म्हणताय, ते काम करणारी माणसं त्याच टीममध्ये बसलेली असतात आणि तुमचा मेसेज त्यांच्या मॅनेजरकडे फॉरवर्ड होऊ शकतो. मी असे फॉरवर्ड केलेत, कबूल करते.

अनुभवाची वर्षं मोजून दाखवू नका, सध्याचं काम सांगा. "मला 15 वर्षं झाली" यात तक्रार ऐकू येते. "मी सध्या तीन टीम्सचं डिझाइन पाहतो" यात नुसती माहिती आहे, आणि शेऱ्यात उतरवायलाही तीच सोयीची.

फोनवरची गंमत निराळी. पलीकडे बहुतेक वेळा चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी असते आणि दिवसाला इतके प्रोफाइल द्यायचेच, असं तिचं टार्गेट असतं. ती तुम्हाला सर किंवा मॅडम म्हणते. तिचा आवाज कोवळा ऐकून "अगं, बेटा, असं आहे बघ" असं सुरू करणारे पुष्कळ आहेत. मनात माया असेल, पण तिच्या कानाला ते "तुला काय कळतंय" असंच लागतं. तिला "तुम्ही" म्हणा आणि लवकर थांबवा. पदनाव आणि अनुभवाचा पट्टा कळला की तिथेच बोला. तिने अख्खा जेडी वाचून, सीटीसी, नोटीस पिरियड विचारून झाल्यावर दिलेला नकार तिला जास्त लागतो, कारण तिची पाच मिनिटं गेलेली असतात.

मग दिराने काय पाठवलं

दोघांनी मिळून मसुदा केला. त्याने तो इंग्रजीतच पाठवला, पण मजकूर असा:

"नमस्कार, मेसेजबद्दल आभार. ही जागा 6 ते 9 वर्षांच्या अनुभवासाठी आहे आणि मी सध्या आर्किटेक्ट म्हणून तीन टीम्सचं डिझाइन पाहतो, त्यामुळे यासाठी माझं नाव धरू नका. पुण्यात आर्किटेक्ट किंवा प्रिन्सिपल इंजिनियरची जागा आली तर जरूर कळवा, बोलायला आवडेल."

तीन वाक्यं. पहिल्यात आभार मानलेत, पण संधीचं कौतुक नाही. दुसऱ्यात कारण आहे, आणि ते जागेच्या नि कामाच्या मापाचं आहे, माणसाच्या मोठेपणाचं नाही. "नाव धरू नका" हे स्पष्ट आहे, त्यामुळे पुन्हा विचारणा होत नाही. तिसऱ्यात शेरा आयताच तयार आहे: आर्किटेक्ट किंवा प्रिन्सिपल, पुणे. मात्र हे तिसरं वाक्य खरं असेल तरच लिहा. कुठेच जायचं नसेल तर दोन वाक्यं पुरतात.

दीर म्हणाला, "एवढं कशाला? सरळ दुर्लक्ष केलं तर?" करता येतं. घाऊक पाठवलेल्या, तुमचं नावही नसलेल्या मेसेजला मी स्वतः उत्तर देत नाही. पण हा लिंक्डइनचा इनमेल होता. इनमेल पाठवायला रिक्रूटरचं एक क्रेडिट खर्च होतं आणि 90 दिवसांत उत्तर आलं तर ते परत मिळतं, उत्तर नकाराचं असलं तरी. म्हणजे तुमचं "नाही" तिच्या उपयोगाचं असतं, गप्प राहणं मात्र नाही.

एक सावधगिरी. भरपाई म्हणून परस्पर दुसऱ्याचा नंबर देऊ नका. "माझा एक ज्युनियर आहे, हा घ्या त्याचा मोबाइल" असं केलं आणि तो तुमच्याच टीममध्ये, शेजारच्या खुर्चीवर बसत असेल, तर दुपारी त्याला सर्वांसमोर फोन येतो. आधी त्याला विचारा, मग द्या.

असे मेसेज येतातच का

दर आठवड्याला खालच्या जागांचे मेसेज येत असतील तर दोष बहुधा तुमच्या प्रोफाइलमध्ये आहे. रिक्रूटर प्रोफाइल वाचत सुटत नाही, ती शोधते. कौशल्यात जावा आणि स्प्रिंग बूट, शहर पुणे, किमान अनुभव 6. कमालचा रकाना बरेच जण रिकामा सोडतात किंवा सैल ठेवतात. वर "अलीकडे सक्रिय" हा फिल्टर लावतात. दिराचं नोकरी डॉट कॉमचं प्रोफाइल उघडलं तर हेडलाइन आठ वर्षांपूर्वीची, "जावा डेव्हलपर". कौशल्यांत जावा सर्वांत वर, डिझाइनचा किंवा आर्किटेक्चरचा कुठे उल्लेख नाही. मागच्या महिन्यात त्याने नवा सीव्ही चढवला होता, म्हणजे सक्रिय. आता त्या मुलीने त्याला का निवडलं, हे वेगळं सांगायला नको.

हेडलाइन बदलली, कौशल्यांचा क्रम बदलला. लिंक्डइनवर फक्त रिक्रूटरना दिसणारी "ओपन टू वर्क" ची सेटिंग आहे, त्यातल्या पदनावांतून सीनियर डेव्हलपर काढून टाकलं. मेसेज पूर्ण थांबणार नाहीत, कारण सीव्हीच्या मजकुरात जावा राहणारच, आणि शोध त्यालाही लागतो.

चहा होईस्तोवर उत्तर आलं होतं. "नोटेड सर. आर्किटेक्टची एक जागा बाणेरला पुढच्या महिन्यात उघडेल, कळवते. या जागेसाठी ओळखीचं कोणी आहे का?" दिराने माझ्याकडे पाहिलं, आणि आधी टीममधल्या त्या पोराला फोन लावला.