VLOOKUP शिकवणारे स्क्रीन रेकॉर्डिंग करताना या चुका टाळा

विद्यार्थ्यांसाठी केलेल्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये नेमके काय बिघडते, हे पाहण्यासाठी एक्सेलमधील VLOOKUP हा चांगला नमुना आहे, कारण त्यात माऊसची कामे आहेत, बारीक चिन्हे आहेत आणि पडद्यावर अजिबात न दिसणारी एक कळही आहे. आपण असे समजू की B स्तंभात विद्यार्थ्यांचे गुण आहेत, H2 ते I6 या छोट्या तक्त्यात 0, 35, 45, 60 आणि 75 या गुणांपुढे त्यांच्या श्रेणी लिहिलेल्या आहेत आणि C2 मध्ये पुढील सूत्र लिहायचे आहे.

```
=VLOOKUP(B2,$H$2:$I$6,2,TRUE)
```

रेकॉर्डिंगसाठी विंडोजवर चालणारे ओबीएस आणि कर्सर ठळक करण्यासाठी मायक्रोसॉफ्टचे पॉवरटॉईज, ही दोन्ही साधने विनामूल्य असल्यामुळे पुढील सर्व विवेचन त्यांच्याच आधारे केले आहे.

सर्वाधिक मनस्ताप देणारी चूक अशी की, काम करताना कर्सरभोवतीचे पिवळे वर्तुळ स्वतःला व्यवस्थित दिसते आणि तयार झालेल्या व्हिडिओत मात्र त्याचा मागमूसही नसतो. माझे चाळीस मिनिटांचे एक रेकॉर्डिंग याच कारणाने पुन्हा करावे लागले. ओबीएसमध्ये स्रोत म्हणून Window Capture निवडले असेल, तर केवळ एक्सेलची खिडकी टिपली जाते. Win+Shift+H दाबून सुरू होणारे Mouse Highlighter चे वर्तुळ मात्र पडद्यावरच्या एका वेगळ्या पारदर्शक थरावर काढले जाते आणि तो थर एक्सेलच्या खिडकीचा भाग नसतो. याच कारणामुळे राईट क्लिकनंतर उघडणारी यादी किंवा स्वतंत्र चौकटही पुष्कळदा गायब होते आणि कर्सर रिकाम्या जागेवर टिचक्या मारत असल्यासारखा दिसतो. यावर उपाय म्हणजे Display Capture निवडून संपूर्ण पडदा टिपणे. असे करताना सूचना बंद ठेवाव्यात आणि डेस्कटॉपवर खासगी काहीही उघडे राहू देऊ नये.

वर्तुळाचा रंग गडद ठेवणे ही त्यापेक्षा लहान, परंतु वारंवार दिसणारी चूक आहे. एक्सेलचा सेल लहान असतो, त्यामुळे अपारदर्शक पिवळा ठिपका नेमका त्यातील आकडाच झाकून टाकतो. म्हणून पारदर्शकता एवढी ठेवावी की खालचे अक्षर वाचता येईल. कर्सर सतत गोल फिरवून एखादी गोष्ट दाखवण्याची सवयही सोडावी. जिथे क्लिक करायचे तिथे कर्सर सरळ न्यावा, क्षणभर स्थिर ठेवावा आणि मगच क्लिक करावे.

झूमच्या बाबतीत चूक बहुधा संपादनाच्या वेळी लक्षात येते, पण ती झालेली असते रेकॉर्डिंगच्या आधीच. 1920×1080 च्या व्हिडिओचा एखादा भाग दुप्पट मोठा केला, तर मूळचे फक्त 960×540 बिंदू संपूर्ण चौकटीत ताणले जातात, त्यामुळे अक्षरांच्या कडा पुसट होतात. अंतिम व्हिडिओ 1280×720 चा करणार असाल, तर दीडपट झूमपर्यंत मूळचा एकेक बिंदू जसाच्या तसा उतरतो; त्यापुढे तोही पुसट होऊ लागतो. अनेक लॅपटॉपचा पडदा 1366×768 चा असतो आणि त्यावर संपादनातील झूमला जवळजवळ वावच उरत नाही. त्यामुळे माझे स्पष्ट मत असे की, मुख्य झूम एक्सेलमध्येच करावा. उजव्या कोपऱ्यातील सरकपट्टीने पत्रक 150 ते 180 टक्क्यांवर न्यावे आणि गुणांचा तक्ता व श्रेणींचा तक्ता एकाच वेळी दिसतील इतके जवळ मांडावेत. या सरकपट्टीने फॉर्म्युला बारमधील अक्षरे मात्र मोठी होत नाहीत. त्यांच्यासाठी विंडोजच्या Display सेटिंगमधील Scale वाढवावे आणि एक्सेल बंद करून पुन्हा उघडावे.

थेट शिकवताना झूम हवा असेल, तर झूमइट हे साधन वापरतात. त्यात Ctrl+1 दाबल्यावर पडद्याचे गोठलेले चित्र मोठे होते. त्या अवस्थेत सेलवर क्लिक होत नाही आणि साधन बिघडले असे वाटते, पण काम चालू ठेवण्यासाठीचा झूम Ctrl+4 ने मिळतो. ओबीएसमध्ये तो नीट टिपला जातो का, हे आधी दहा सेकंदांच्या चाचणीने पाहून घ्यावे. कोणताही झूम क्लिकच्या आधी पूर्ण व्हावा, कारण चौकट हलत असतानाच क्लिक झाले, तर पाहणाऱ्याची नजर जागा शोधत राहते आणि क्लिक निसटते.

आता बोलण्याकडे वळू, कारण विद्यार्थी खरा अडकतो तो येथे. C2 मध्ये सूत्र लिहिताना H2 ते I6 हा भाग माऊसने निवडल्यावर F4 दाबावी लागते, तेव्हाच त्या पत्त्यात डॉलरची चिन्हे येतात. ही कळ माऊसच्या वर्तुळात दिसत नाही, झूममध्येही दिसत नाही. शिक्षक "आता हे असे लॉक करून घेऊ" एवढेच म्हणून पुढे गेला, तर विद्यार्थ्याचे सूत्र डॉलरशिवाय राहते. त्याला C2 मध्ये उत्तर बरोबर मिळते. सूत्र खाली ओढल्यावर तिसऱ्या ओळीत मात्र तक्ता H3 पासून सुरू होतो, 0 ची ओळ सुटते आणि 28 गुण मिळवणाऱ्यापुढे #N/A येते, तर त्याच ओळीत 70 गुण असते तर श्रेणी बरोबर आली असती. सहाव्या ओळीत 75 पेक्षा कमी गुण असलेल्या प्रत्येकापुढे #N/A दिसते आणि सातव्यापासून सर्वांपुढेच. चूक अशी टप्प्याटप्प्याने उघड होत असल्यामुळे आपले कुठे चुकले, हे विद्यार्थ्याला उमगत नाही.

म्हणून वाक्य आधी बोलावे आणि कृती नंतर करावी: "H2 पासून I6 पर्यंत माऊसने निवडा. कंस पूर्ण करू नका. आता कीबोर्डच्या सर्वांत वरच्या ओळीतील F4 ही कळ एकदाच दाबा. काही लॅपटॉपवर तिच्यासोबत Fn दाबावी लागते. चारही ठिकाणी डॉलर आला का, ते पाहा." येथे "एकदाच" हा शब्द गाळू नये, कारण दुसऱ्यांदा दाबल्यास स्तंभापुढचा डॉलर जातो आणि तिसऱ्यांदा दाबल्यास ओळीपुढचा. या वाक्यानंतर दोन-तीन सेकंद शांत राहावे, म्हणजे विद्यार्थ्याला व्हिडिओ थांबवता येतो. "इथे", "हे", "असे" या शब्दांच्या जागी सेलचा पत्ता, बटणाचे नाव किंवा पडद्यावरील जागा सांगावी. मेनूचे नाव पडद्यावर इंग्रजीत असेल, तर तेच उच्चारावे; त्याचे भाषांतर केले की विद्यार्थी यादीत नसलेला शब्द शोधत बसतो.

आवाजाची पातळी बोलताना ओबीएसच्या मीटरवर पिवळ्या पट्ट्यात राहावी. ती लाल पट्ट्यात सतत जात असेल, तर आवाज फाटण्याचा धोका असतो. रेकॉर्डिंग MKV स्वरूपात करावे, कारण वीज गेली तरी तोवरचा भाग बहुधा वाचतो, आणि नंतर File मेनूतील Remux Recordings ने त्याचे MP4 करून घ्यावे.

तपासणीसाठी दोन मिनिटांचा नमुना पुरतो. तो आधी पडद्याकडे न पाहता केवळ ऐकावा आणि ऐकलेल्या सूचनांवरून नव्या पत्रकात सूत्र तयार होते का, हे दुसऱ्या कुणाकडून करवून पाहावे. मग तोच नमुना मोबाईलवर आडवा धरून, हात नेहमीच्या अंतरावर ठेवून पाहावा. सूत्रातील चारही डॉलर डोळे बारीक न करता वाचता आले नाहीत, तर संपूर्ण धडा रेकॉर्ड करण्यापूर्वी Scale आणखी एक पायरी वाढवावे.