पगारपत्रक आणि पीएफमध्ये नाव-जन्मतारीख चुकली? अर्ज देताना या चुका टाळा

‘माझे नाव व जन्मतारीख दुरुस्त करून द्यावी, ही विनंती’ एवढाच अर्ज लिहून लोक जिनिंगच्या ऑफिसात देतात. मुनीम तो फाइलला लावतो आणि पुढे वर्षभर काही हालत नाही. त्यात मुनिमाचा दोष कमीच असतो. काय चुकलं आहे, त्याजागी काय हवं आणि ते कोणत्या नोंदीत हवं, हे अर्जात लिहिलेलंच नसतं.

एक उदाहरण घेऊ. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये 2014 पासून पीएफ कापला जात असलेले शेषरावभाऊ. दहावीच्या प्रमाणपत्रावर SHESHRAO, जन्म 1 जून 1972. आधारवर नाव बरोबर, पण कॅम्पमध्ये कार्ड काढताना तारीख अंदाजे लावली म्हणून 01/01/1972. पगारपत्रकात आणि पीएफमध्ये SHESRAO, जन्म 01/01/1970. (एक जूनची तारीख खरी की गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावलेली, हा वाद आता काढू नका. कागदावर आहे ती धरा.)

या तारखेने पैशाचं नुकसान होतं. पेन्शन योजनेत 58 वर्षं पूर्ण होईपर्यंतच वर्गणी जाते. पीएफच्या नोंदीप्रमाणे भाऊ 1 जानेवारी 2028 ला 58 चे होतात, प्रमाणपत्राप्रमाणे 1 जून 2030 ला. म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी नोकरी 2 वर्षं 5 महिन्यांनी कमी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधार तसंच ठेवून मालकाकडे अर्ज देणं. पीएफची नोंद आधारशी जुळवून पाहिली जाते, म्हणून आधी आधार केंद्रावर दहावीचं प्रमाणपत्र दाखवून तारीख बदलून घ्या. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, नाव दोनदा. तिथे घाईत चुकीची तारीख टाकली, तर पुढचं सगळं अडतं.

याच्या उलट चूकही होते: अर्जाला फक्त आधारची झेरॉक्स जोडायची. जानेवारी 2024 मध्ये पीएफ कार्यालयाने जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. जन्म दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, शाळेची टीसी, पॅन, पासपोर्ट हे चालतात. यातलं काहीच नसेल, तर सिव्हिल सर्जनचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सोबत प्रतिज्ञापत्र लागतं.

मग प्रश्न येतो मालकाकडे नेमकं काय मागायचं याचा. यूएएन म्हणजे पीएफचा नंबर 1 ऑक्टोबर 2017 किंवा त्यानंतर मिळालेला असेल आणि आधारशी पडताळलेला असेल, तर जानेवारी 2025 पासून नाव आणि जन्मतारीख सभासद स्वतःच पीएफच्या पोर्टलवर बदलू शकतो. त्याने मालकाकडे फक्त पगारपत्रकाची दुरुस्ती मागावी. शेषरावभाऊंचा यूएएन त्याआधीचा आहे. त्यांनी पोर्टलवर `Manage` मधून `Joint Declaration` म्हणजे संयुक्त घोषणापत्र भरायचं आणि मालकाने आपल्या लॉगिनमधून ते मंजूर करायचं. यूएएनला आधार जोडलेलंच नसेल, तर हेच घोषणापत्र कागदावर भरून मालकामार्फत पीएफ कार्यालयाला पाठवावं लागतं.

भाऊंचा अर्ज असा असावा:

मा. व्यवस्थापक साहेब,
विषय: पगारपत्रक व भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नाव व जन्मतारीख दुरुस्त करण्याबाबत.
महोदय, मी आपल्याकडे 2014 पासून कामावर आहे. माझा यूएएन ……… आहे. दोन्ही नोंदींत माझे नाव SHESRAO असे आहे, ते SHESHRAO असे करावे. दोन्ही नोंदींत जन्मतारीख 01/01/1970 आहे, ती 01/06/1972 अशी करावी. पोर्टलवर संयुक्त घोषणापत्र दिनांक ……… रोजी भरले आहे, ते आपल्या लॉगिनमधून मंजूर करावे. सोबत दहावीचे प्रमाणपत्र व दुरुस्त आधार यांच्या प्रती जोडल्या आहेत.

नाव इंग्रजीत, आधारवर आहे त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने लिहा. आपल्याकडे वडिलांच्या नावापुढे ‘राव’ कधी लागतो, कधी गळतो. लग्नानंतर बायांचं मधलं नाव बदलतं आणि आडनावही. अर्जात मराठी नाव दिलं की स्पेलिंग मुनिमाच्या मनावर जातं, आणि H पुन्हा गळतो.

‘दोन्ही नोंदींत’ हे शब्द गाळू नका. पीएफ सुधारला आणि पगारपत्रक तसंच राहिलं, तर कारखाना निवृत्तीची तारीख जुन्या नोंदीवरूनच काढेल. 57 व्या वर्षापर्यंत थांबूही नका. निवृत्तीच्या तोंडावर मागितलेला जन्मतारखेचा बदल कोर्टही सहसा मान्य करत नाही.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पुढे पीएफच्या EPFiGMS या तक्रार पोर्टलवर जायची वेळ आली, तर मालकाला कधी कळवलं होतं हे दाखवायला हाच कागद लागतो. मंजुरी झाल्यावर पोर्टलवरची प्रोफाइल आणि पुढच्या महिन्याची पगारपावती, दोन्हींवरचं नाव अक्षर अन् अक्षर ताडून पाहा.