स्क्यूने सेटअप सुटला, होल्ड अडकला

चिपचं क्लॉक १ नॅनोसेकंदाचं. अ रजिस्टरकडून ब कडे जाणाऱ्या लांब वाटेवर सेटअप ६० पिकोसेकंदांनी हुकत होता, म्हणजे डेटा क्लॉकच्या ठोक्याआधी वेळेत पोचत नव्हता. पुढे ब ते क मध्ये २०० शिल्लक होते, म्हणून स्क्यू देऊन ब चं क्लॉक ८० ने उशिरा पोचवलं. सेटअप +२० वर आला, पुढच्या टप्प्यात १२० उरले. मी खूश!

मग होल्डचा, म्हणजे ठोक्यानंतर जुना डेटा पुरेसा टिकतो का याचा रिपोर्ट उघडला. अ च्या शेजारच्या रजिस्टरकडून ब ला येणाऱ्या छोट्या वाटेचा स्लॅक, म्हणजे शिल्लक वेळ, +५० वरून −३०. नवा डेटा ब ने जुना पकडण्याआधीच पोचत होता. क्लॉक हळू करूनही हे सुटत नाही, कारण होल्डमध्ये पीरियड येतच नाही. शेवटी फक्त त्या छोट्या फांदीवर ४० चा डिले बफर टाकला. लांब वाटेला हात लावला नाही.