एका बिलाचा खर्च किती? एपीतल्या तीन आकड्यांचा माझा अनुभव

एम.कॉम. झाल्यावर मी चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्स पेएबलला, म्हणजे पुरवठादारांची बिलं तपासून पैसे देणाऱ्या एपी विभागात लागले. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, महिन्याला साधारण ३,४०० बिलं, एपीत आम्ही सहा जण. तिसऱ्या वर्षी मॅनेजर मॅडमनी विचारलं, "एक बिल पास करायला आपल्याला किती खर्च येतो?"

मी सहा जणांचा महिन्याचा पगार, १,९२,००० रुपये, ३,४०० बिलांनी भागला आणि साडेछप्पन्न रुपये असं उत्तर दिलं. मॅडमनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "एका बिलासाठी तू स्टोअरला तीन फोन करतेस, पर्चेसला दोन मेल टाकतेस. त्यांचा वेळ कुठे धरलास?"

एपीत नव्याने येणाऱ्यांना मी आजही इथूनच सुरुवात करायला सांगते. (पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, प्रमाण तेच ठेवलं आहे.)

पगारात मॅडमच्या पगाराचा एपीपुरता वाटा, स्कॅनिंगचं सॉफ्टवेअर आणि जागा-वीज मिळवली, तेव्हा महिन्याचा खर्च २,७२,००० झाला. म्हणजे बिलामागे ८० रुपये. मग मी दोन आठवडे एक वही ठेवली. काही त्रुटीमुळे पास न होता अडकलेलं प्रत्येक बिल सोडवायला स्टोअरची आणि पर्चेसची किती मिनिटं गेली, ते त्यांनाच विचारून लिहिलं. सरासरी २० मिनिटं निघाली. महिन्याला १,०२० बिलं अडकत होती, म्हणजे ३४० तास. तासाला २५० रुपये धरले तर ८५,००० रुपये, आणि ते एपीच्या खात्यात कुठेच दिसत नव्हते. ते धरल्यावर बिलामागचा खर्च १०५ रुपयांवर गेला.

साडेछप्पन्न, ८० आणि १०५ हे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यामुळे कुणी "आमच्याकडे बिलामागे इतका खर्च" असं सांगितलं, तर त्यात काय धरलंय ते आधी विचारा. व्याख्या माहीत नसताना दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी आपली तुलना करू नका.

या आकड्याची आणखी एक अडचण मला पुढच्याच वर्षी कळली. आमचा एक ट्रान्सपोर्टर महिन्याचं एकच बिल द्यायचा. त्याने दर फेरीला वेगळं बिल द्यायला सुरुवात केली. एका बिलाची २६० झाली, माणसं तेवढीच राहिली आणि एपीचा बिलामागचा खर्च ८० वरून सुमारे ७४ वर आला. काम तर वाढलं होतं! म्हणून या आकड्याच्या शेजारी महिन्याचा एकूण खर्च आणि बिलांची संख्या मी नेहमी लिहिते. भाजक का बदलला हे दिसल्याशिवाय भागाकाराला अर्थ नाही.

आता दुसऱ्या आकड्याकडे, म्हणजे अडकणाऱ्या बिलांकडे येते, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. ३,४०० पैकी १,०२० म्हणजे ३० टक्के. सरळ जाणाऱ्या बिलाला आमची सहाएक मिनिटं लागायची, अडकलेल्याला ३५. गुणाकार केला तर बिलांवर जाणाऱ्या वेळातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ ही ३० टक्के बिलं खात होती. पण "३० टक्के" एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही. कारण लावून फोड केली तरच हा आकडा उपयोगी पडतो.

आमच्याकडे हिशेबाला सॅप हे सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या MIRO या स्क्रीनवर बिल घेतलं की पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर, जीआरएन म्हणजे माल आल्याची नोंद आणि बिल यांची जुळणी होते. फरक मर्यादेबाहेर असेल तर बिल पेमेंटला ब्लॉक होतं आणि ते ब्लॉक बिलांच्या MRBR या यादीत दिसतं. मी तिथून यादी काढली तेव्हा सर्वांत मोठं कारण दिसलं "क्वांटिटी", ५७० बिलं. पहिला विचार असा आला की व्हेंडर माल कमी पाठवतायत. तसं नव्हतं. आमच्याकडे जीआरएन झालेला नसला तरी बिल घेता यायचं. अशा वेळी सिस्टिमच्या लेखी आलेला माल शून्य असतो, त्यामुळे तेही क्वांटिटीच्याच कारणाने ब्लॉक होतं. मग प्रत्येक बिलापुढे जीआरएनची तारीख आणली. बिलानंतर एक-दोन दिवसांत पूर्ण नगाचा जीआरएन झाला असेल, तर तो उशीर. नग खरोखर कमी असतील, तर तो फरक. ५७० पैकी ४२० नुसता उशीर निघाला. माल खरंच कमी आलेली बिलं होती १५०. उरलेल्यांत दराचा फरक २६०, पीओ नसलेली ९० आणि जीएसटी नंबर, एचएसएन वगैरेंची १००.

उशिराचं कारण स्टोअरच्या गेटवर उभं राहून समजलं. संध्याकाळी पाचनंतर आलेल्या गाडीचा माल उतरायचा, पण जीआरएन दुसऱ्या दिवशी सकाळी व्हायचा. बिल मात्र ड्रायव्हरकडून लगेच आमच्याकडे यायचं आणि त्याच संध्याकाळी स्कॅन व्हायचं. स्टोअरमधले काका म्हणाले, "ताई, तुम्ही बिल सकाळी घ्या, आम्ही नऊपर्यंत एंट्री करून देतो." एवढ्यावर निम्मं काम झालं.

दराच्या फरकाचं एक बिल अजून माझ्या लक्षात आहे. पुठ्ठ्याची खोकी, ५०० नग. पीओवर दर १८ रुपये ६० पैसे, बिलावर १९ रुपये. फरक नगामागे ४० पैसे, बिलाचा २०० रुपये. त्या २०० रुपयांसाठी ९,५०० रुपयांचं बिल अकरा दिवस पडून होतं. व्हेंडरला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, दर एक तारखेपासून वाढलाय, तुमच्या साहेबांचा मेल आहे माझ्याकडे." मेल खरा होता. पर्चेसने दर मान्य केला होता, पण पीओत सुधारणा केली नव्हती. २६० पैकी १६८ बिलं खोक्यांच्या तीनच व्हेंडरांची होती आणि सगळ्यांचं कारण हेच.

इथे एक सोपी वाट समोर येते आणि तिच्यापासून मी नव्या लोकांना कळकळीने सावध करते. फरक सव्वादोन टक्क्यांच्या आत आहे, मग मर्यादा तीन टक्के करून टाका, सगळी बिलं सुटतील. सुटतीलही, आणि अडकणाऱ्या बिलांचा आकडा एका दिवसात खाली येईल. पण तीन टक्के म्हणजे दहा लाखांच्या बिलावर तीस हजार रुपये कुणीही न बघता जाणार. नेमकी मर्यादा व्हेंडरच्या लक्षात यायलाही फार दिवस लागत नाहीत. आम्ही टक्क्यांच्या जोडीला रुपयांचीही वरची मर्यादा ठेवली आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पर्चेसशी ठरवलं, की दर लागू व्हायच्या आधी पीओ बदलायचा.

अडकलेल्या बिलांची नुसती संख्या मोजू नका, किती दिवसांपासून अडकलंय तेही मोजा. व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकर कायद्यात आलेल्या, तेव्हाच्या कलम ४३बी(एच) च्या तरतुदीमुळे मुदत चुकली, तर त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच मिळते. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. आपण बिल कधी स्कॅन केलं याच्याशी त्यांचा संबंध नाही, आणि आपल्याकडे बिल ब्लॉक आहे म्हणून ते थांबतही नाहीत.

तिसरा आकडा म्हणजे माणसाचा हात न लागता गेलेली बिलं. स्कॅनिंग सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डवर आमचा आकडा ६१ टक्के दिसायचा आणि तोच वरिष्ठांकडे जायचा. मला तो पटत नव्हता, कारण समोर बसलेली माणसं दिवसभर टाइप करत होती.

शोधलं तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. पहिली, भाजक ३,४०० नव्हता. डॅशबोर्ड फक्त पीओची २,१०० बिलं धरत होता. वीज, भाडं, वकिलाची फी असली पीओ नसलेली बिलं हिशेबातच नव्हती. दुसरी, आपोआप पोस्ट झालेल्या १,२९० बिलांपैकी ५१० मध्ये पोस्टिंगआधी ऑपरेटरने पडताळणीच्या स्क्रीनवर काहीतरी दुरुस्त केलं होतं, बहुतेक वेळा बिल नंबर किंवा तारीख. सॅपमध्ये नोंद करणाऱ्याच्या USNAM या फील्डमध्ये सिस्टिमच्या युजरचं नाव होतं, म्हणून ते "आपोआप" ठरलं. माणसाचं नाव स्कॅनिंगच्या लॉगमध्ये होतं आणि तो लॉग कुणी उघडत नव्हतं. खरोखर हात न लागलेली बिलं ७८०. एकूण ३,४०० वर काढलं तर २३ टक्के.

यातून हेही कळलं, की १०० मधून अडकलेल्या बिलांचे टक्के वजा करून हा आकडा मिळत नाही. सत्तर टक्के बिलं अडकत नव्हती, पण त्यातली बरीच आम्ही हाताने भरत होतो.

त्या ५१० दुरुस्त्या कमी करायला ई-इन्व्हॉइसच्या क्यूआर कोडचा उपयोग झाला. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या विक्रेत्यांना ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. त्या कोडमध्ये दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख आणि रक्कम असते. अक्षरं ओळखण्याऐवजी ती माहिती थेट घेतली, की शून्य आणि ओ यांचा घोळ संपतो. पण कोडमध्ये पीओ नंबर नसतो आणि प्रत्येक ओळीचा दर-नगही नसतो. तो भाग कागदावरूनच वाचावा लागतो. छोट्या व्हेंडरांकडे तर कोडच नसतो.

सहा महिन्यांनी बिलं ३,५०० होती आणि अडकलेली ६१०, म्हणजे साडेसतरा टक्के. एपीचा बिलामागचा खर्च मात्र ८० वरून जेमतेम ७८ झाला. वर विचारणा झाली, की एवढं करून दोनच रुपये? माणसं तीच, पगार तेच, मग एपीचा खर्च उतरणार कसा? वाचलेले तास स्टोअर आणि पर्चेसचे होते. ते धरून काढलं तर १०५ चे सुमारे ९२ झाले होते. आमच्याकडे मोकळा झालेला वेळ आम्ही व्हेंडरांची खाती जुळवायला लावला आणि एक सहकारी बदलून गेली तेव्हा तिच्या जागी नवीन माणूस घेतला नाही. त्या महिन्यात एपीचा स्वतःचा आकडा पहिल्यांदा नीट हलला.

तुम्ही नव्याने रुजू झाला असाल, तर डॅशबोर्ड बाजूला ठेवून मागच्या महिन्यातली कुठलीही तीस बिलं काढा. प्रत्येकाला कुणाकुणाचा हात लागला, कधी लागला आणि का, ते लॉगमधून आणि माणसांना विचारून एका कागदावर लिहा. मला त्याला दोन दिवस लागले होते. खोक्यांची तीन बिलं त्या तिसांतच सापडली होती.