सीडी४ दिसला की मदतनीस टी पेशी? ही चूक टाळा

परीक्षा जवळ आली की मुलं तक्ता पाठ करतात: सीडी३ म्हणजे टी, सीडी४ म्हणजे मदतनीस टी, सीडी८ म्हणजे मारक टी, सीडी१९ म्हणजे बी. तक्ता बरोबरच आहे, पण तो उलटा वाचला की घात होतो. मदतनीस टी पेशीवर सीडी४ असतो हे खरं, पण सीडी४ असलेली प्रत्येक पेशी मदतनीस टी नसते. मोनोसाइटवरही तो असतो, जरा फिका.

एकदा एक विद्यार्थिनी फ्लो सायटोमेट्रीचे आकडे घेऊन आली. लिम्फोसाइटच्या गेटमध्ये सीडी३ ६१ टक्के, सीडी४ ५२ आणि सीडी८ २४. मी एवढंच म्हटलं, "बेरीज कर." ५२ आणि २४ मिळून ७६ झाले. टी पेशीच ६१ टक्के, मग वरचे १५ कुठून आले? आलेख पुन्हा उघडला. सीडी४ च्या दाट पुंजक्याच्या डावीकडे फिक्या ठिपक्यांचा आणखी एक ढग होता, आणि त्यातल्या पेशींवर सीडी१४ होता. गेट सैल काढल्यामुळे मोनोसाइट आत शिरले होते. सीडी८ मधला वाढावा एनके पेशींचा होता, कारण त्यांच्यातल्या काहींवर फिका सीडी८ असतो. आधी सीडी३ असलेल्या पेशी वेगळ्या काढून मग मोजलं, तेव्हा सीडी४ ४१ आणि सीडी८ १८ आले. बेरीज ५९. उरलेल्या २ टक्के टी पेशींवर दोन्ही नव्हते, आणि थोड्या टी पेशी तशा असतातच.

म्हणून मी कागदावर पहिला प्रश्न नेहमी एकच लिहिते: सीडी३ आहे का? हा मार्कर टी पेशीच्या ग्राहकाला जोडलेला असतो आणि त्याचा संदेश आत पोहोचवतो, म्हणून टी पेशीची ओळख त्याच्यावर ठरवायची. सीडी४ आणि सीडी८ त्याच्या नंतर.

त्या दोघांसाठी गुणाकार लक्षात ठेवा. सीडी४ एमएचसी वर्ग २ ला धरतो, सीडी८ वर्ग १ ला; ४ गुणिले २ आठ, ८ गुणिले १ आठ. हा निव्वळ योगायोग आहे. क्रमांक १९८२ पासून अँटिबॉडींचे गट ठरत गेले तसे दिले गेले, त्यामुळे प्रत्येक आकड्यात अर्थ शोधत बसू नका. मार्कर काय काम करतो ते विचारा.

सीडी५६ दिसला म्हणून लगेच एनके लिहू नका, सीडी३ नाही ना ते आधी पाहा. दोन्ही असतील तर ती टी पेशी.

आणि बी पेशी सीडी२० वरच शोधणाऱ्यांनो, प्लाझ्मा पेशी होताना सीडी२० गळून पडतो. ती शोधायची तर सीडी३८ आणि सीडी१३८ एकत्र पाहा.