पाण्याचा निरोप शुभ सकाळमध्ये बुडू नये म्हणून

जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत तीन विंग, तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पाणी कधी सोडणार हा निरोप सेक्रेटरी तिन्हीकडे टाकायचे आणि तो शुभ सकाळच्या फुलांखाली गडप व्हायचा.

मग तिन्ही ग्रुप एका कम्युनिटीत जोडले. कम्युनिटी केली की घोषणांचा ग्रुप आपोआप तयार होतो आणि जोडलेल्या ग्रुपमधले सगळे त्यात येतात. तिथे नवा निरोप फक्त कम्युनिटीचे अ‍ॅडमिन टाकतात. गप्पा आपापल्या विंगच्या ग्रुपवर चालू राहतात.

साध्या ग्रुपमध्येही Group permissions मध्ये जाऊन Send messages बंद केलं, की फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतात. मग कम्युनिटी कशाला? एक तर तिन्हीकडे एकच निरोप जातो. दुसरं, साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. घोषणांच्या ग्रुपमध्ये इतर सभासदांपासून तो लपतो. अ‍ॅडमिनना मात्र दिसतो, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाही. विंगच्या ग्रुपवर अर्थात तो उघडाच राहतो.

एक फसगत आमचीही झाली. घर सोडून गेलेल्या भाडेकरूला विंगच्या ग्रुपमधून काढलं, तरी घोषणा त्यांना जातच होत्या. त्यांना कम्युनिटीतूनच काढावं लागलं.