प्रबंधाच्या प्रतिज्ञापत्रावर सही करण्यापूर्वी या चुका टाळा

प्रबंध पूर्ण होतो, बाइंडिंगला जायची घाई असते आणि शेवटी कुणाच्या तरी लक्षात येतं की प्रतिज्ञापत्राचं पान राहिलंय. मग एखाद्या सिनिअरच्या प्रबंधातून ते पान उचललं जातं, नाव आणि शीर्षक बदललं जातं आणि खाली सही होते. कधी जुनं शीर्षकच तसंच राहून जातं. ही चूक निदान कुणाच्या तरी नजरेला पडते. पान न वाचताच सही केली, ही त्याहून मोठी चूक कुणाला दिसत नाही.

हे पान चार-पाच ओळींचं असतं. संस्थेगणिक शब्द बदलतात, पण गाभा जवळपास सारखाच असतो. हे काम मी स्वतः केलं आहे. इतरांचं जे जे घेतलं त्याचा जागच्या जागी उल्लेख केला आहे. हे लेखन पूर्वी कोणत्याही पदवीसाठी सादर केलेलं नाही. म्हणजे ही तीन वेगवेगळी विधानं झाली आणि प्रत्येक विधान स्वतंत्रपणे खरं असावं लागतं. दोन खरी आणि तिसरं खोटं असेल, तर सही खोट्या विधानावर झालेली असते.

सॉफ्टवेअरच्या टक्क्यांवर विसंबणं

'रिपोर्ट आठ टक्के आला, म्हणजे झालं,' हे वाक्य जिथे तिथे ऐकू येतं. सॉफ्टवेअर तपासतं ते एवढंच: तुमच्या मजकुरातले शब्द त्याच्या साठ्यातल्या मजकुराशी किती जुळतात. प्रतिज्ञापत्र मात्र शब्दांबरोबर विचार, आकडे, आकृत्या आणि श्रम यांबद्दलही बोलतं. म्हणून टक्के कमी असूनही प्रतिज्ञापत्र खोटं असू शकतं, आणि जास्त असूनही खरं.

दोनशे पानांच्या प्रबंधाचा रिपोर्ट आठ टक्के आला आणि त्यातले पाच टक्के एकाच स्रोताशी जुळले, असं समजा. दोनशे पानांचे पाच टक्के म्हणजे जवळजवळ दहा पानं. ती सलग एका प्रकरणात असतील आणि तिथे स्रोताचं नाव नसेल, तर हा प्रश्न गंभीर आहे, एकूण आकडा कितीही छोटा दिसो. उलट दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट बावीस टक्के येतो, पण उघडून पाहिल्यावर त्यात संदर्भसूची, अवतरणचिन्हांतले उतारे, प्रश्नावलीतले ठरावीक शब्द आणि त्याचाच छापून आलेला लेख निघतो. संस्थेने मर्यादा घातली असेल तर ती पाळावीच लागते, पण आपण रिपोर्ट वाचायचा तो स्रोतांच्या क्रमाने. आधी सर्वांत मोठा जुळलेला स्रोत उघडा आणि तो मजकूर प्रबंधात कुठे, किती सलग आलाय ते पाहा. संदर्भसूची, अवतरणं आणि छोट्या जुळण्या वगळण्याची सेटिंग्ज चालू होती की बंद, हेही बघा. तीच फाइल या सेटिंग्जप्रमाणे वेगवेगळे आकडे देते.

सॉफ्टवेअरला जे दिसत नाही, ते मराठीत लिहिणाऱ्यांनी विशेष लक्षात घ्यावं. इंग्रजी किंवा हिंदी पुस्तकातलं प्रकरण मराठीत उतरवलं, तर शब्द जुळायचा प्रश्नच येत नाही आणि रिपोर्ट स्वच्छ येतो. अनुवाद तुमचा असला तरी मांडणी, युक्तिवाद आणि उदाहरणं मूळ लेखकाची असतात. जुन्या, स्कॅन न झालेल्या पुस्तकांचंही तसंच, आणि नव्याने काढलेल्या आकृत्यांचं किंवा आकडे फिरवून मांडलेल्या तक्त्यांचंही. या जागा फक्त तुम्हालाच माहीत असतात, म्हणून त्या तुम्हीच तपासायला हव्यात.

वाक्यातले शब्द बदलले, म्हणजे वाक्य आपलं झालं असं समजणं

इथे सर्वांत जास्त लोक अडकतात आणि बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. उदाहरणासाठी रचलेलं एक मूळ वाक्य पाहू:

'हंगामी स्थलांतरामुळे मुलांची शाळेतली नोंद कायम राहते पण हजेरी तुटते, आणि पटावरची संख्या व वर्गात बसणारी मुलं यांतली दरी वाढत जाते.'

आता विद्यार्थ्याचं वाक्य:

'मोसमी स्थलांतरामुळे विद्यार्थ्यांचे नाव शाळेत टिकून राहते, मात्र उपस्थिती खंडित होते आणि पटावरील आकडा व प्रत्यक्ष वर्गातील विद्यार्थी यांच्यातील अंतर वाढत जाते.'

हंगामीचं मोसमी झालं, हजेरीची उपस्थिती झाली, दरीचं अंतर झालं. पण सांगाडा तोच आहे, कारण आणि परिणाम त्याच क्रमाने आले आहेत. शेवटी कंसात लेखकाचं नाव आणि वर्ष टाकलं तर कल्पनेचं श्रेय दिलं जातं, पण वाक्यरचना उसनी आहे हे वाचकाला कळत नाही. कंसही नसेल तर दोन्ही उसनं, आणि सही दोन्हींवर.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. मूळ वाक्य तसंच हवं असेल तर ते अवतरणचिन्हांत, पानक्रमांकासह द्या. नाहीतर त्या लेखकाचं म्हणणं काय आणि तुमचं काय, हे वाक्यातच वेगळं करा: 'पट आणि हजेरी यांतल्या तफावतीचं मूळ अमुक लेखकाला स्थलांतरात दिसतं. प्रस्तुत सर्वेक्षणात मात्र ज्या मुलांची कुटुंबं गावातच राहिली, त्यांच्याही हजेरीत खंड आढळला.' इथे कोण कुठे थांबतो आणि तुम्ही कुठे सुरू होता, हे वाचकाला दिसतं. असं लिहायला सोपी रीत अशी, की स्रोत बंद करायचा, थोड्या वेळाने आठवेल तसं लिहायचं आणि मग मूळ उघडून ताडून पाहायचं. स्रोत आणि आपली फाइल शेजारी शेजारी उघडी ठेवून लिहिलेला परिच्छेद जवळजवळ नेहमी असाच पकडला जातो.

याच जातीची आणखी एक चूक आहे. एका पुस्तकात दुसऱ्या जुन्या ग्रंथाचा उल्लेख वाचायचा आणि तो जुना ग्रंथ स्वतः पाहिल्यासारखा संदर्भसूचीत घालायचा. मधल्या पुस्तकात पानक्रमांक किंवा वर्ष चुकलं असेल, तर तीच चूक तुमच्याकडे उतरते आणि जाणकार परीक्षकाच्या ती लगेच लक्षात येते. ग्रंथ पाहिलाच नसेल, तर 'अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत' असं लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही.

आपलंच जुनं लेखन, म्हणून चालेल असं मानणं

'पूर्वी कोणत्याही पदवीसाठी सादर केलेलं नाही' या ओळीत लेखक कोण हा मुद्दाच नाही. पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधिकेतलं साहित्य-समीक्षेचं प्रकरण पीएचडीत जसंच्या तसं आलं, तर ते तुमचंच असूनही ही ओळ खोटी ठरते. आधीच्या कामावर पुढचं काम उभं राहणं स्वाभाविक आहे, लपवायचं कारण नाही. मार्गदर्शकांना आणि संशोधन विभागाला आधी विचारा, आणि परवानगी असेल तर प्रतिज्ञापत्रातच अपवाद लिहा: 'प्रकरण दोनमधील विभाग २.१ ते २.३ माझ्या पदव्युत्तर प्रबंधिकेवर आधारित असून त्यात सुधारणा केल्या आहेत.' छापील नमुन्यात अशी ओळ घालता येते का, तेही विभागालाच विचारा. येत नसेल तर तो मजकूर नव्याने लिहावा लागेल.

प्रबंधातून निघालेले, आधी छापून आलेले लेख ही वेगळी गोष्ट. लेख पदवीसाठी सादर केलेला नसतो, त्यामुळे बहुतेक ठिकाणी ही ओळ मोडत नाही. पण कोणतं प्रकरण कुठे छापलं आहे ते लिहावं लागतं, आणि कॉपीराइट प्रकाशकाला दिला असेल तर तो मजकूर प्रबंधात वापरण्याची मुभा करारात आहे का, ते पाहावं लागतं.

'मी स्वतः' या दोन शब्दांवरून घाईने पुढे जाणं

प्रयोगशाळेत नमुने सहकाऱ्याने तपासलेले असतात, सर्वेक्षणाचे फॉर्म इतरांनी भरून घेतलेले असतात, आकडेमोड संख्याशास्त्राच्या जाणकाराने करून दिलेली असते. अशी मदत घेणं बहुतेक क्षेत्रांत मान्य आहे. मान्य नाही ते तिच्याबद्दल गप्प राहणं. ऋणनिर्देशात 'मोलाची मदत झाली' एवढं लिहून भागत नाही, कारण परीक्षकाला काम कुणाचं ते कळायला हवं. पद्धतीच्या प्रकरणात साधं वाक्य लिहा: 'तक्ता ४.२ मधील मोजमापे प्रयोगशाळेतील सहकाऱ्याने केली. विश्लेषण आणि अन्वयार्थ माझे आहेत.' लेख सहलेखकांबरोबरचा असेल तर प्रत्येकाने काय केलं ते लिहून त्यांची लेखी संमती ठेवा.

विश्लेषण दुसऱ्याने केलं असेल, तर स्वतःला एक प्रश्न विचारा. तीच चाचणी का निवडली आणि तिच्या निकालाचा अर्थ काय, हे मौखिक परीक्षेत कुणाच्याही मदतीशिवाय सांगता येईल का? येत नसेल, तर तो भाग समजून घेईपर्यंत सही थांबवा.

'मुद्दाम केलं नाही' यावर भिस्त ठेवणं

जर्मनीतल्या दोन प्रकरणांत प्रतिज्ञेचं वजन दिसतं. तेव्हाचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट बायरॉइट विद्यापीठाने फेब्रुवारी २०११ मध्ये काढून घेतली. तेव्हा फसवणूक हेतुपुरस्सर होती का, हा प्रश्न विद्यापीठाने खुला ठेवला होता. स्रोत दाखवण्याचं बंधन पाळलं नाही, एवढं कारण पदवी काढायला पुरलं. हेतूबद्दलचा निष्कर्ष विद्यापीठाच्या आयोगाने नंतर दिला. शिक्षण आणि संशोधन खात्याच्या मंत्री आनेटे शावान यांची पदवी ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाने २०१३ मध्ये रद्द केली. त्यांचा प्रबंध १९८० चा होता. तेहतीस वर्षांनंतरही प्रबंध उघडून ताडून पाहिला गेला आणि त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं.

सही कधी करायची

सही सगळ्यात शेवटी करायची आणि अंतिम पीडीएफवरच. आधी सही करून ठेवली आणि नंतर मार्गदर्शकांनी दोन प्रकरणं बदलायला सांगितली, तर जी प्रत तुम्ही पाहिलीच नव्हती तिच्यावर तुमची सही असते. प्रबंधाचं शीर्षक मुखपृष्ठावर, प्रतिज्ञापत्रात आणि मार्गदर्शकांच्या दाखल्यात अक्षरशः एकच आहे का, पाहा. प्रत्येक आकृतीखाली स्रोत आहे का, पाहा. मग संदर्भसूचीतल्या प्रत्येक नोंदीसाठी प्रबंधातली जागा शोधा आणि प्रबंधातल्या प्रत्येक उल्लेखासाठी सूचीतली नोंद. दोन्ही दिशांनी. हे काम कंटाळवाणं आहे, पण सुटलेले संदर्भ इथेच सापडतात.

सादर केल्यानंतर एखादी चूक लक्षात आली, तर मौखिक परीक्षेची वाट पाहू नका. प्रकरण, पान, मूळ स्रोत आणि दुरुस्त मजकूर असं एका पानावर लिहून मार्गदर्शकांमार्फत संशोधन विभागाला कळवा आणि शुद्धिपत्र जोडता येईल का ते विचारा. त्या पत्राची पोच घेऊन ठेवा.